फोटोतला पलंग खोलीत मावेल का? फरशा मोजून बघा

मार्केट यार्ड, गुलटेकडी परिसरातले जुन्या सोसायट्यांमधले रिकामे फ्लॅट ऑनलाइन विक्रीला येतात, तेव्हा काही फोटोंत पलंग, सोफा, पडदे, कुंड्या असे सगळे दिसते. प्रत्यक्षात तिथे असतात चार भिंती आणि एक पंखा. हे ‘व्हर्च्युअल स्टेजिंग’. रिकाम्या खोलीचा फोटो सॉफ्टवेअरला द्यायचा आणि त्यात फर्निचर बसवून घ्यायचे.

यात गैर काही नाही. रिकाम्या खोलीत काय कुठे बसेल, हे अनेकांना डोळ्यांसमोर आणता येत नाही. गडबड होते ती मापात. सॉफ्टवेअरला खोलीची लांबी-रुंदी कोणी सांगितलेली नसते. ते फोटोवरून अंदाज बांधते आणि त्याला शोभेल एवढा पलंग काढते.

समजा, बेडरूम १० बाय १० फुटांची आहे आणि फरशी २ बाय २ फुटांची. म्हणजे एका बाजूला पाच फरशा. क्वीन साइज पलंग साधारण ५ बाय साडेसहा फुटांचा, म्हणून त्याने रुंदीत अडीच आणि लांबीत सव्वातीन फरशा व्यापायला हव्यात. फोटोत तो दोनच फरशांवर बसला असेल, तर त्याची रुंदी झाली ४ फूट. क्वीन साइज पलंग एवढा अरुंद नसतो. खऱ्या पलंगापुढे साडेतीन फूट उरतात. समोरच्या भिंतीला २ फूट खोल कपाट लावले की राहतो दीड फूट, आणि त्यात कपाटाचे दारही नीट उघडत नाही. फोटोत मात्र तिथे खुर्चीसुद्धा आरामात मावलेली असते! त्यात मूळ फोटो फोनच्या 0.5x लेन्सने काढला असेल, तर खोली आणखी ऐसपैस वाटते.

फर्निचर निदान हलवता तरी येते. नवी एआय साधने कधी कधी पूर्ण चित्रच नव्याने रंगवतात. मग भिंतीतली ओल जाते, बीम गायब होतो, खिडकी सरकते. ही सजावट नव्हे, दिशाभूल आहे. मालकाने मुद्दाम केली की सॉफ्टवेअरने परस्पर केली, याने घेणाऱ्याला फरक पडत नाही.

रेरा कायद्याचे कलम १२ बिल्डरच्या चुकीच्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाईचा हक्क देते. जुना फ्लॅट विकणारा मालक बिल्डर नसतो, त्यामुळे तिथे या कलमाचा आधार मिळत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२६ पासून बदललेल्या फोटोवर तसे लिहिणे आणि मूळ फोटो उपलब्ध ठेवणे बंधनकारक केले आहे. आपल्याकडच्या पोर्टलांनी कायद्याची वाट न पाहता हाच नियम लावावा आणि सोबत खोलीची मापेही मागावीत. तोपर्यंत एजंटला फोन केल्यावर पहिली मागणी रिकाम्या खोलीच्या फोटोची करावी. सजवलेला फोटो त्यावरूनच केलेला असल्याने तो त्याच्याकडे असतोच.