टायरच्या बाजूला आलेला फुगा

पावसाळा संपला की माजरीतल्या पंक्चरवाल्यांकडे एक तक्रार वाढते. पंक्चर नाही, हवा बरोबर आहे, गाडीही चालते, पण टायरच्या बाजूला लिंबाएवढे टेंगूळ आले आहे. आपल्या भागात लोक त्याला ‘फुगा’ म्हणतात. कोळशाचे ट्रक ज्या रस्त्यांवरून दिवसरात्र धावतात तिथे खड्ड्याच्या कडा धारदार होतात. पाणी भरलेला खड्डा किती खोल आहे हे वरून दिसत नाही. पन्नासच्या वेगाने पुढचे चाक त्यात आदळते, एक दणका बसतो, घरचे ‘अरे बापरे’ म्हणतात आणि गाडी पुढे जाते. फुगा त्या दिवशी दिसेलच असे नाही. कधी कधी तो काही दिवसांनी गाडी धुताना नजरेस पडतो, आणि तोवर दणका कुणाच्याच लक्षात नसतो.

आमच्या ओळखीच्या एका घरी अगदी असेच झाले. नागपूरला भाचीचा निकाह होता, गाडीत पाच माणसे आणि डिकीभर सामान. निघायच्या आदल्या संध्याकाळी धाकट्या मुलाने पुढच्या डाव्या टायरवरचा फुगा दाखवला. चर्चा सुरू झाली. एकजण म्हणाला, हवा थोडी कमी करू. दुसरा म्हणाला, ट्यूब टाकू. तिसऱ्याने सुचवले, मागच्या चाकाला लावू. शेवटी टायर घेऊन ते कोपऱ्यावरच्या चाचांकडे गेले. चाचांनी हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, “बेटा, याला मी हात लावणार नाही. पैसे घेतले तर गुन्हा माझा.” मुलाने विचारले, “चाचा, पॅच मारता येत नाही का?” ते म्हणाले, “भोक असते तर मारला असता. इथे भोक कुठे आहे?”

त्या एका वाक्यात सगळा मुद्दा आहे, पण तो कळण्यासाठी टायरच्या आत डोकवावे लागते.

टायर रबराचा असतो असे आपण म्हणतो, पण वजन पेलते ते रबर नव्हे. आजच्या मोटारीच्या रेडियल टायरमध्ये रबरात बुडवलेल्या बारीक, मजबूत दोऱ्यांचा एक थर असतो, काही टायरमध्ये दोन. मोटारीत हे दोरे बहुतेक पॉलिएस्टरचे असतात. ते टायरच्या एका कडेच्या तारेच्या कड्यापासून निघून वरून वळसा घालत दुसऱ्या कडेच्या कड्यापर्यंत शेजारी शेजारी, ताणून बसवलेले असतात. जिथे टायर रस्त्याला टेकतो त्या भागात या दोऱ्यांवर आणखी पोलादी पट्टे असतात. बाजूच्या भिंतीत, म्हणजे साइडवॉलमध्ये, ते पट्टे नसतात. तिथे फक्त दोरे, वर रबराचा पातळ थर आणि आत हवा धरून ठेवणारे अस्तर. साइडवॉल मऊ असते म्हणूनच गाडी गचके कमी देते. ती मुद्दाम तशी केलेली आहे.

आता खड्ड्याच्या कडेवर चाक आदळते तेव्हा काय होते ते पाहा. टायर चेपतो, इतका की लोखंडी किंवा अलॉय रिमची कड आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये साइडवॉल चिमटीत सापडते. रबर लवचीक असल्याने ते सुटते, पण ताणलेले दोरे त्या चिमटीत तुटतात. आतले अस्तर अनेकदा शाबूत राहते, म्हणून हवा जात नाही. बाहेरून कापल्याची खूणही बऱ्याचदा नसते. फक्त दोऱ्यांच्या रांगेत एक खिंडार पडलेले असते आणि तिथले रबर आतल्या हवेच्या दाबाने बाहेर येते.

आपल्याकडच्या नवारीच्या खाटेवरून हे सहज समजते. चार-पाच पट्ट्या एकाच जागी तुटल्या की त्या जागी गादी खाली लोंबते. वरून चांगली चादर अंथरली, गोधडी शिवून टाकली, तरी लोंबणे थांबत नाही, कारण वजन चादरीने नव्हे, पट्ट्यांनी धरलेले होते. आणि तुटलेल्या पट्ट्यांचा भार शेजारच्या पट्ट्यांवर जातो, मग त्याही लवकर तुटतात.

किती भार असतो हेही मोजून पाहू. त्या गाडीच्या टायरवर 165/80 आर 14 असे लिहिले होते. हवा 33 ठेवतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2.3 किलोचा दाब. लिंबाएवढ्या फुग्याचा घेर साधारण 12 चौरस सेंटिमीटर जागा व्यापतो. म्हणजे 28 किलोच्या आसपास जोर, एका मोठ्या मुलाचे वजन, तिथे फक्त रबर सांभाळत आहे. हा टायर एका फेरीत साधारण 1.95 मीटर जातो, किलोमीटरला पाचशेहून अधिक फेऱ्या. माजरी ते नागपूर सव्वाशे किलोमीटर धरले तर साठ हजारांहून अधिक वेळा तो फुगा रस्त्यापाशी येऊन दबणार आणि वर जाऊन पुन्हा फुगणार. प्रत्येक वेळी खिंडाराच्या काठावरचा दोरा थोडा जास्त ताणला जातो, रबर गरम होते. आपल्या चंद्रपूर जिल्ह्याच्या मे महिन्यात डांबरच तापलेले असते, टायरमधली हवा आणखी तापून दाब वाढतो, आणि जोर पुन्हा सगळ्यात कमकुवत जागेवर येतो.

हा टायर नागपूरपर्यंत फुटेलच का? नाही, तसे कुणीच सांगू शकत नाही. काही जण असा टायर महिनोन्महिने चालवतात आणि ‘आमचे काही झाले नाही’ असे इतरांना सांगतात. खरी अडचण हीच आहे. पंक्चरची हवा हळूहळू जाते, गाडी एका बाजूला ओढते, माणसाला कळते. फुगा फुटतो तेव्हा साइडवॉल फाटते, हवा क्षणात जाते आणि त्याआधी मीटरवर किंवा स्टिअरिंगवर काही खूण मिळेलच याची खात्री नाही.

आता त्या तीन सूचनांकडे वळू. हवा कमी केली की फुगा लहान दिसतो, पण साइडवॉल जास्त वाकते, जास्त तापते आणि पुढच्या खड्ड्यात रिमची चिमटी आणखी सहज बसते. ट्यूब टाकल्याने हवा धरून ठेवणारी पिशवी मिळते. ती पिशवी स्वतः दाब पेलत नाही, तोच दाब त्याच तुटक्या दोऱ्यांवर टाकते. मागच्या चाकाला लावणे ही तर उलटी अक्कल. मागचा टायर वेगात फुटला तर गाडीचा मागचा भाग घसरून ती गरकन फिरू शकते, आणि ते सावरणे नवख्या चालकाला जमत नाही.

राहिला पॅच. रस्त्याला टेकणाऱ्या भागात खिळा घुसला तर आतून पॅच चालतो, कारण भोक लहान असते, पोलादी पट्टे भार धरून असतात आणि तो भाग फारसा वाकत नाही. तिथेही 6 मिलिमीटरपेक्षा मोठे भोक दुरुस्त करू नये असा या धंद्यातला नियम आहे. साइडवॉलमध्ये पॅच हवा अडवेल, पण तुटलेला दोरा जोडणार नाही. कड्यापासून कड्यापर्यंत ताणलेला दोरा मध्येच गाठ मारून पूर्वीसारखा करता येत नाही. शिवाय सतत वाकणाऱ्या जागी पॅचची कड सुटत जाते. काही ठिकाणी आतून जुन्या टायरचा तुकडा बसवून देतात, त्याने वरवर फुगा दबतो, इतकेच.

खाणीत काम करणारे वाचक इथे म्हणतील, डंपरच्या टायरची बाजू तर दुरुस्त होते! होते, हे खरे. पण तिथे जखमेभोवतीचा खराब भाग कापून काढतात, मोठा मजबुतीचा पॅच बसवून उष्णतेने रबर पकवतात, आणि तो टायर खाणीच्या आत कमी वेगाने फिरतो. टायर लाखोंच्या घरातला असल्याने तो खर्च परवडतो. मोटारीच्या पातळ साइडवॉलला ना तेवढी जागा, ना तो वेग. ट्रकच्या रेडियल टायरमध्ये बाजूचे दोरे पोलादी असतात. कमी हवेवर बराच चाललेला असा टायर पुन्हा हवा भरतानाच रांगेने फाटू शकतो, एखादी चेन उघडावी तसा. म्हणून तो लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांबून हवा भरायची असते. घरात कुणी ट्रक चालवत असेल तर हे त्यांना जरूर वाचून दाखवा.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या 94 व्या नियमानुसार एखाद्या जागी आकार बिघडलेला किंवा फुगलेला टायर सुस्थितीतला मानला जात नाही. समृद्धी महामार्गावर 2023 मध्ये परिवहन विभागाने टायर तपासून खराब टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली तेव्हा लोक कुरकुरले होते. तिथे मोटारींना 120 ची वेगमर्यादा आहे. त्या वेगात आपला टायर मिनिटाला हजाराहून जास्त फेऱ्या मारतो.

घरी तपासायचे असेल तर गाडी थंड असताना तळहात साइडवॉलवरून पूर्ण फिरवा. आतली, म्हणजे गाडीच्या पोटाकडची बाजू कुणी पाहत नाही, आणि फुगा तिथेही येतो. त्यासाठी चाक काढावे लागते. एक गोष्ट मात्र घाबरण्याची नाही. कड्यापासून वरपर्यंत उभी, उथळ खाच दिसली, आत दबलेली, तर तो टायर बनवताना दोऱ्यांच्या थराचा जोड एकमेकांवर आल्याचा ठसा असतो. आत दबलेली खाच चालते, बाहेर आलेला उंचवटा चालत नाही.

खर्चाचेही सांगते. खड्ड्याने आलेला फुगा कंपन्या बनावटीचा दोष मानत नाहीत, त्यामुळे वॉरंटीची आशा ठेवू नका. नेहमीच्या विमा पॉलिसीत नुसत्या टायरचे पैसे मिळत नाहीत. त्याच अपघातात गाडीचेही नुकसान झाले असेल तर टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत मिळू शकतात. नवा टायर त्याच मापाचा घ्या, रिम वाकली आहे का ते तेव्हाच तपासून घ्या, आणि जोडीचा टायर फार झिजला असेल तर दोन्ही बदलून नवे मागच्या चाकांना लावा.

त्या घरच्यांनी स्टेपनी लावली, हळू वरोऱ्यापर्यंत गेले, तिथे नवा टायर घेतला आणि दुपारच्या आत नागपुरात पोहोचले. फुगा आलेला टायर चाचांनी ठेवून घेतला नाही. ‘सेकंड हँड’ म्हणून तो दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागू नये म्हणून त्यांनी मुलाकडूनच त्याची बाजू सुरीने आरपार कापून घेतली.