सूचनेला गुण तपशिलाचे, भाषेच्या ऐटीचे नव्हेत

'हा इंग्रजीचा पेपर आहे की तलाठ्याचा फॉर्म?' पालमच्या आमच्या रविवारच्या वर्गात एका निवृत्त गुरुजींनी विचारलं. सीबीएसईच्या बारावीच्या इंग्रजीत सूचनालेखन असतं, जास्तीत जास्त ५० शब्द आणि गुण ४. त्यातला १ स्वरूपाला, २ आशयाला आणि शुद्धलेखन-व्याकरणाला फक्त १. गुरुजींना हे भाषेचा अपमान वाटतं. आम्हाला ते न्यायाचं वाटतं.

आम्ही प्रश्न दिला: जयंतीनिमित्त १२ एप्रिलला भाषण स्पर्धा आहे, तुम्ही वाचनालयाचे सचिव आहात, सूचना लिहा. शहरातून सुट्टीला आलेल्या एका मुलाने ऐंशीएक शब्द लिहिले. इंग्रजी एकदम सुरेख. वक्तृत्वाचं महत्त्व, बाबासाहेबांची प्रेरणा, सगळं होतं. पण स्पर्धा किती वाजता, कुठे, नाव कुणाकडे आणि कधीपर्यंत द्यायचं, हे नव्हतं. सूचना काढल्याची तारीख नव्हती, खाली पदही नव्हतं. स्वरूपाला अर्धा, आशयाला एक, व्याकरणाला पूर्ण एक: अडीच.

वस्तीवरच्या एका मुलीचं इंग्रजी अडखळतं. क्रियापद दोनदा चुकलं. पण वर संस्थेचं नाव, मग 'सूचना', तारीख, मथळा. मजकुरात सकाळी १० वाजता, शाळेचं सभागृह, नववी ते बारावी, नावं १० एप्रिलपर्यंत सचिवाकडे. शेवटी सही, नाव, पद. मजकूर ४२ शब्दांचा. आम्ही साडेतीन दिले. व्याकरणाचा अर्धा कापला, कारण तो कापायलाच हवा होता.

गुरुजी नाराज झाले. पण या दोन सूचना फलकावर लावा आणि विचारा, कोणती वाचून पोरं स्पर्धेला पोहोचतील? घरात इंग्रजी बोललं जाणं हा वारसा आहे, आणि तो सगळ्यांना सारखा मिळालेला नाही. तारीख, वेळ, जागा लिहायला वारसा लागत नाही, लक्ष लागतं. गावकीत दवंडी पिटायचं काम पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या गळ्यात होतं, हे वेगळं सांगायला नको. दवंडीत शब्दांची आरास चालत नव्हती. काय, कधी, कुठे, एवढंच.

चौकटीबाबत मात्र आम्ही आपल्याच शिक्षकांशी भांडतो. काही जण चौकट नाही म्हणून स्वरूपाचा गुणच काढून घेतात. मंडळाच्या काही वर्षांच्या गुणदान सूचनांत स्पष्ट लिहिलेलं होतं, की सूचना चौकटीत असो वा चौकटीबाहेर, त्यासाठी गुण कापू नयेत. स्वरूप म्हणजे शीर्षक, तारीख, लिहिणाऱ्याचं नाव आणि पद. मुलांना चौकट आखायला सांगा, पट्टीने चार रेघा ओढायला कितीसा वेळ लागतो? पण वरचा गुण कापायचा तर आधी त्या चौकटीत पद आहे का ते बघा. आमच्या वर्गात आखीव चौकटीच्या सहा वह्यांपैकी दोनमध्ये ते नव्हतं.