मोडीच्या कागदांचे लिप्यंतर : तोडणी आणि गाळप यांचा मेळ



आमच्या गावच्या जुन्या वाड्यात मोडी कागदांचे दोन रुमाल निघाले. गावचा संग्रह करायचा म्हणून तरुण मंडळी उत्साहाने जमली. कुणी म्हणाले, "पन्नास पोरं लावू, दोन महिन्यांत काम फत्ते!" मला हा हिशेब पटला नाही, म्हणून चार गोष्टी मांडतो.

आधी पाने मोजली. लिहिलेली बाजू म्हणजे एक पान, अशी ६०० भरली. आठ रविवार मोडीचे शिक्षण झाले. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ह्रस्व-दीर्घाचा धरबंध नाही. त्यामुळे अक्षरे ओळखता आली तरी वाचन येतेच असे नाही. मग उसाचा अंदाज काढताना आपण नमुन्याचे सरे तोडून पाहतो, तशी बारा पाने काढली. प्रत्येक पान दोघांनी एकमेकांचे न पाहता उतरवले. पानाला सरासरी ७० मिनिटे लागली आणि दोन उताऱ्यांत जिथे फरक पडला तिथे चुका सापडल्या. त्या बहुतेक नावांत, रकमांत आणि सनांत होत्या. 'सलास मयातैन व अलफ' म्हणजे सुहूर सन १२०३, इसवी १८०२-०३. हे ठाऊक नसेल तर ओळ वाचूनही साल हातून निसटते.

तपासणीला पानामागे ४० मिनिटे लागली. तपासणाऱ्याने आधी मूळ पान वाचावे, मग उतारा. उलट केले की चुकीचा शब्दही बरोबर दिसू लागतो. शंकेचा शब्द अंदाजाने न भरता प्रश्नचिन्ह टाकून ठेवावा.

आता गणित पाहा. उतरवण्याचे ७०० तास. सात जण आठवड्याला तीन-तीन तास देतात, म्हणजे २१ तास. काम ३४ आठवड्यांत उरकते. तपासणीचे ४०० तास, पण जाणकार दोघेच. चार-चार तास धरले तरी ५० आठवडे. म्हणजे गाळपक्षमतेपेक्षा तोडणी जास्त झाली, ऊस गव्हाणीपुढे वाळत पडला! अशा वेळी आणखी टोळ्या लावून काय उपयोग? पन्नास पोरांनी ढीग तेवढा वाढेल.

माझे मत असे की, उतरवणाऱ्यांपैकी ज्याचे उतारे सर्वांत स्वच्छ येतात, त्याला तपासणीवर घ्यावे. तिसरा तपासनीस मिळाला की तपासणी ३४ आठवड्यांत आटोपते. उरलेल्या सहा जणांना उतरवायला ३९ आठवडे लागतात. शेवटच्या पानांची तपासणी धरून काम चाळिसाव्या आठवड्यात संपते. एक माणूस उतरवण्यातून कमी केला, तर दहा आठवडे वाचले.

म्हणून गावोगावच्या मंडळींनी "किती जण लिहायला येणार?" हे नंतर विचारावे. आधी "तपासणार कोण, आणि आठवड्याला किती तास?" हे कागदावर मांडावे.