‘एल’ म्हणजे नेमकं किती?

फोटो आवडला, नेहमीसारखा ‘एल’ निवडला, पैसे भरले. कुर्ता आला आणि छातीवर अडकला! अशा वेळी आपण म्हणतो, ‘माझंच वजन वाढलं बहुतेक.’ मला विचाराल तर अनेकदा चूक त्या वेबपेजची असते.

कोपरीतली माझी एक मैत्रीण उल्हासनगरहून कुर्ते शिवून घेऊन ऑनलाइन विकते. तिच्या साइज चार्टवर होतं, ‘एल – 40’. चाळीस काय? अंगाचं माप की कुर्त्याचं? न ताणणाऱ्या कापडाचा कुर्ता अंगापेक्षा तीन ते पाच इंच सैल लागतो. हा 40 कुर्त्याचा घेर असेल, तर 40 छातीच्या माणसाला तो बसणारच नाही. आता तिथे लिहिलंय, ‘एल : तुमची छाती 38 ते 40, कुर्त्याचा घेर 43 इंच’. खाली एक ओळ, ‘नीट बसणारा जुना कुर्ता सपाट पसरा, काखेखाली आडवं मोजा, दुप्पट करा.’

दुसरा घोळ शिलकीचा. तीन रंग, पाच साइज, म्हणजे पंधरा वेगळ्या वस्तू. पेज मात्र सगळ्यांची एकच बेरीज धरायचं. नऊ कुर्ते उरलेत म्हणून निळ्या ‘एल’ची ऑर्डर घेतली, आणि उरलेले सगळे निघाले ‘एस’! मग फोन करून माफी मागा, पैसे परत करा. म्हणून रंग आणि साइजच्या प्रत्येक जोडीची शिल्लक वेगळी ठेवायची. निळा निवडला की संपलेला ‘एल’ फिकट दिसावा, खाली ‘संपला’ असं लिहावं. तो गायब केला, तर ही साइज येतच नाही असं वाटतं. आणि रंग बदलल्यावर निवडलेली साइज गुपचूप ‘एम’वर जाता कामा नये. चुकीच्या साइजची पार्सलं अशीही जातात.

‘फक्त 2 शिल्लक’ हे खरोखर दोनच असतील तेव्हाच लिहावं. खोटी घाई दाखवणं हा 2023 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ‘डार्क पॅटर्न’ आहे.

राहिली डिलिव्हरी. ‘3 ते 5 कामाचे दिवस’ म्हणजे नेमके कधी? हा हिशेब गिऱ्हाइकाने का करायचा? पिनकोड विचारा आणि तारीख सांगा. समजा, कुरिअरवाला संध्याकाळी चारला पार्सलं नेतो. शुक्रवारी सातला आलेली ऑर्डर शनिवारी निघेल, रविवारी पडून राहील, पुढे दोन दिवस प्रवास. तर ‘मंगळवार ते बुधवार’ असं लिहा. सोमवारी लग्न असलेला माणूस ते वाचून ऑर्डर करणार नाही. एक विक्री जाईल, पण बुधवारी पोचून परत येणारा कुर्ता आणि दोन्हीकडचं कुरिअर भाडं वाचेल.

तुमच्यापैकी कुणी असं पेज बनवत असेल, तर बॅनरचा रंग नंतर ठरवा. आधी टेप घ्या आणि कुर्ता मोजा.