मायक्रोप्लास्टिकचा संशोधन आढावा: आकड्याआधी जाळी पाहा

सोलापूरला पाणी देणाऱ्या उजनी धरणातील मायक्रोप्लास्टिकवर प्रबंध लिहिताना संशोधन आढावा ‘अमुक म्हणतो, तमुक म्हणतो’ असा नको. नमुने घेण्याच्या पद्धतीनुसार त्याचे भाग पाडायला हवेत. ३०० मायक्रॉनच्या जाळीतून बारीक तंतू निसटतात, बारीक गाळणीत ते अडकतात. त्यामुळे एका लेखात ‘घनमीटरला २ कण’ आणि दुसऱ्यात ‘लिटरला २ कण’ असा हजारपट फरक दिसला, तरी तो सगळा प्रदूषणाचाच नसतो. जाळीचे माप न देणारा लेख या तुलनेत घेऊ नये.

प्रत्येक लेखाची जाळी, एकक आणि आकडा तक्त्यात नोंदवावा. मग मूळ लेख बंद करून तक्त्यावरूनच लिहावे आणि संदर्भ द्यावा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पण शब्द फिरवून, संदर्भ न देता उचललेली तुलना टक्केवारीत दिसली नाही, तरी ती चोरीच.