मॉलमधला ठेला म्हणजे दुकान नव्हे

आमच्या पिंपरीतल्या एका तरुणाने कंपनीतली कंत्राटी नोकरी सुटल्यावर मॉलमध्ये मोबाइल कव्हरांचा ठेला टाकला. सरकत्या जिन्याजवळ ६ बाय ४ फुटांची जागा, महिना २५ हजार, अनामत ७५ हजार, करार ११ महिन्यांचा. चाकांचा प्लायवूडचा ठेला बनवायला आणखी १ लाख गेले. पाचव्या महिन्यात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, १५ दिवसांची नोटीस आली. जागा मोटारींच्या प्रदर्शनासाठी हवी होती. अकरा महिन्यांचा कागद असताना हलवतात कसे, हा त्याचा सवाल.

कागद आम्ही वाचला. तो भाडेपट्टा नव्हता, लायसन्स होते. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ प्रमाणे भाडेपट्ट्याने जागेतच हक्क निर्माण होतो. त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे लायसन्स ही नुसती परवानगी आहे. ती नसती तर तिथे बसणे बेकायदा ठरले असते, एवढाच तिचा अर्थ. ती सहसा मागे घेता येते. मॉल विकला गेला तर नवा मालकही तिला बांधील नसतो.

केवळ मथळ्यावर मात्र जाऊ नये. दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलात केशकर्तनासाठी दिलेल्या खोल्यांचा करार कागदोपत्री लायसन्स होता. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो भाडेपट्टा ठरवला, कारण खोल्यांचा अनन्य ताबा दिलेला होता. ठेलेवाल्याजवळ नेमका तोच नसतो. भिंत नाही, शटर नाही, रात्री कुलूप मॉलचे. कराराप्रमाणे त्याला पहिल्या मजल्यावरून तिसऱ्यावर सरकवताही येते. १९७३ साली महाराष्ट्राने जुन्या लायसन्सधारकांना भाडेकरूचा दर्जा दिला, तेव्हाही अट होती की जागा निदान एका खोलीएवढी असावी.

नोटीस अल्प का, तेही यातच आले. मॉलवाला ठेल्याला जागा देत नाही, गर्दीची वाट देतो, आणि सणासुदीला त्याच वाटेचे कुणीतरी जास्त पैसे मोजतो. मुदत मोठी दिली तर हा सौदाच हातचा जातो.

कलम ६३ प्रमाणे माल हलवायला वाजवी वेळ मिळतोच. मोबदला भरलेल्याला कराराबाहेर, त्याचा दोष नसताना उठवले तर कलम ६४ प्रमाणे भरपाई मागता येते. पण इथे १५ दिवसांचे कलम चौथ्या पानावर होते, सहीसकट. म्हणून भांडण सहीपूर्वी करावे: नोटीस निदान ३० दिवसांची, पर्यायी जागा कुठली ते लिहून, अनामत परतीची तारीख नमूद. मुदतीआधी सोडल्यास दंड फक्त ठेलेवाल्यालाच असेल तर ते कलम खोडायला लावावे. आणि चाकांच्या ठेल्यावर कर्ज काढून लाखभर खर्चू नये; तो कायमचे बांधकाम ठरत नाही, त्याच्या जोरावर जागा टिकत नाही.

त्या तरुणाला अनामत दीड महिन्याने मिळाली. ठेला मात्र अजून त्याच्या चाळीच्या जिन्याखाली उभा आहे.