चाचींचा स्वेटर आणि एक हजार 'टाक'

सप्टेंबरच्या शेवटी डेन्मार्कहून पार्सल आले. आमचा धाकटा भाऊ जहाजावर नोकरी करत करत ऑर्हूस बंदराला लागला आणि तिथेच त्याने संसार थाटला. त्याची बायको डॅनिश आहे. आमच्या चिरंजीवांच्या या चाचीने स्वतःच्या हाताने लोकरीचा स्वेटर विणून पाठवला होता. गडद निळा रंग, गळ्याभोवती पांढरी नक्षी. रत्नागिरीत, ऑक्टोबर हीटच्या तोंडावर, लोकरीचा स्वेटर! आम्ही सगळ्यांनी तो हातात घेऊन पाहिला, माशाअल्लाह म्हटले, आणि अम्मीने डांबराच्या गोळ्या घालून तो कपाटात ठेवून दिला. विषय संपला.

नव्हता संपला. नोव्हेंबरात भावाचा फोन आला. जरा अवघडूनच त्याने विचारले, "भाई, पार्सल पोचले ना? ही तीनदा विचारून गेली. बहुतेक पोराला आवडला नाही, असे तिच्या मनाने घेतले आहे."

आम्ही चपापलो. आपल्याकडे घरातल्या घरात शुक्रिया कोण म्हणतो? चाचीने दिले, पुतण्याने घेतले. उलट आभार मानले तर वडीलधारी माणसे रागावतात, "आम्ही काय परके आहोत का?" पण गप्प राहणे हे आपल्याकडे आपलेपणाचे लक्षण असले तरी तिकडे त्याचा अर्थ भलताच होतो. पार्सल पाठवणारा वाट बघत बसतो, आणि दोन-तीन आठवड्यांत शब्द आला नाही तर एक तर वस्तू हरवली किंवा आवडली नाही असे धरून चालतो.

खरे तर हे आम्हाला कळायला हवे होते. दोन वर्षांपूर्वी चाची आमच्याकडे राहून गेल्या, तेव्हा प्रत्येक जेवणानंतर त्या अम्मीकडे वळून म्हणायच्या, "टाक फॉर मॅद." म्हणजे जेवणाबद्दल आभार. डॅनिश घरात लहान मूलसुद्धा उठताना आईला हे म्हणते, आणि आई 'वेलबेकॉमे' म्हणते. अम्मीला पहिले दोन दिवस वाटले, सून जेवणात काही मागते आहे. ती आणखी एक पोळी वाढायची! मग परत गेल्यावर पहिल्याच फोनवर चाची म्हणाल्या, "टाक फॉर सिस्ट." मागच्या भेटीबद्दल आभार. भेट होऊन महिना झालेला, तरी आभार शिल्लक. त्या भाषेत 'प्लीज'साठी असा एक सुटा शब्द नाही, पण 'टाक' मात्र जागोजागी पेरलेला.

तर चिरंजीवांना बसवले. वय पंधरा, इयत्ता नववी. म्हणाले, "मी इंग्रजीत लिहितो, चाचींना इंग्रजी येते." येते, यात शंका नाही. पण ज्या बाईने टाका टाका मोजून स्वेटर विणला तिला तिच्या बोलीतली चार वाक्ये मिळाली तर बरे, असे आम्ही म्हटले. मग त्याने शाळेतल्या पत्रलेखनाच्या चालीवर इंग्रजी मसुदा केला, शब्दकोश उघडून त्याचे डॅनिश केले आणि चाचाला फोटो पाठवला. अर्ध्या तासात चाचाचा फोन. तो हसत होता.

"अरे, तू चाचीला पत्र लिहिलेस की बँकेला?"

चुका व्याकरणाच्या नव्हत्याच. चिरंजीवांनी लिहिले होते की आपल्या औदार्याबद्दल मी अत्यंत ऋणी आहे. शब्द बरोबर, पण डॅनिश घरात असे कोणी बोलत नाही. आभाराचे मोठे शब्द तिथे समारंभात शोभतात. घरात वापरले तर पाहुणा टाय घालून न्याहारीला बसल्यासारखे वाटते. दुसरे म्हणजे त्याने शेवटी 'वेन्ली हिल्सन' लिहिले होते. शब्दशः अर्थ स्नेहपूर्वक नमस्कार, म्हणून त्याला तो गोड वाटला. पण सगळ्या सरकारी आणि कचेरीच्या पत्रांखाली हेच असते. घरच्या माणसाला लिहायचे 'केअरली हिल्सन', म्हणजे प्रेमपूर्वक; किंवा नुसते 'क्नूस', म्हणजे मिठी. यातला 'क' उच्चारायचा, गिळायचा नाही.

आणि तिसरी चूक, खरी चूक. त्याने लिहिले होते, 'मी स्वेटर रोज घालतो.'

"रोज घालतोस?" चाचाने विचारले. "रत्नागिरीत?"

चिरंजीव गप्प. चाचा म्हणाला, "तिने हवामान फोनवर बघितले आहे, बेटा. ती रोज बघते."

इथे आम्हालाही थोडे ओशाळल्यासारखे झाले, कारण ते वाक्य आम्हीच सुचवले होते.

मग दोघांनी फोनवर वाक्यावाक्याने पत्र जुळवले. आम्ही बाजूला बसून ऐकत होतो. पहिला प्रश्न, हाक काय मारायची? डॅनिशमध्ये नाती आपल्यासारखीच मोजून-मापून आहेत. आईची बहीण 'मोस्टर', वडिलांची बहीण 'फास्टर'. म्हणजे आई-बहीण आणि बाप-बहीण हे शब्द एकमेकांना जोडून केलेले. आपली खाला आणि फुफी तिथे तशाच वेगळ्या आहेत. दादी 'फारमोर', नानी 'मोरमोर'. पण चाची आणि मुमानी, म्हणजे लग्नाने घरात आलेल्या, दोघींनाही एकच शब्द, 'टांटे'. अम्मीला हे पटले नाही. "चाची वेगळी, मुमानी वेगळी," ती म्हणाली, "एवढे मोजले तर आणखी एक शब्द नव्हता का त्यांच्याकडे?"

दुसरी अडचण 'आप'ची. डॅनिशमध्ये आदरार्थी 'डी' आहे, पण गेल्या पन्नासेक वर्षांत तो बोलण्यातून जवळजवळ गेला. आता राजघराण्याशी बोलताना वगैरे वापरतात. शिक्षक, डॉक्टर, चाची, सगळ्यांना 'डू', म्हणजे तू. चिरंजीवांचा हात अडला. चाचाने सांगितले, 'डी' लिहिलेस तर तिला वाटेल तू रुसला आहेस. तेव्हा हात पुढे गेला.

आभाराचे वाक्य सोपे निघाले: 'टूसिन टाक फॉर ट्रॉयेन.' ट्रॉये म्हणजे स्वेटर, आणि टूसिन टाक म्हणजे हजार आभार. नुसते 'टाक' दुकानदाराला पुरते. विणलेल्या वस्तूला हजार हवेत. वस्तूचे नाव घ्यायचे, हेही महत्त्वाचे. 'भेटवस्तूबद्दल आभार' असे लिहिले तर पाकीट न उघडता लिहिल्यासारखे दिसते. त्यानंतर पत्राचा जीव असलेले वाक्य: 'यै ब्लेव सो ग्लॅद.' मला इतका आनंद झाला. शब्दशः, मी इतका आनंदी झालो. डॅनिश माणूस वस्तूची स्तुती करत बसत नाही, ती मिळाल्यावर आपले काय झाले ते सांगतो. "सुंदर, अप्रतिम, जगात असा नाही" असे तीन शब्द ओळीने आले की त्याला शंका येते. चिरंजीवांनी विचारले, त्यांची मुले आपसात काय म्हणतात? चाचा म्हणाला, 'फेद'. म्हणजे झकास. मूळ अर्थ लठ्ठ! ते एकदा घालायला हरकत नाही, पंधरा वर्षांचा मुलगा लिहितो आहे हे दिसते.

मग स्वेटर कपाटात आहे याचे काय करायचे? चाचा म्हणाला, खरे लिही, पण पुढे केव्हा घालणार तेही लिही. तिकडे विकत घेतलेल्या भेटीला दुकानदार एक छोटी चिठ्ठी चिकटवून देतो. माप चुकले तर त्या चिठ्ठीवर बदलून घेता येते, आणि बदलले म्हणून देणारा रागावत नाही. वस्तू वापरात यावी हीच त्याची अपेक्षा. हाताने विणलेल्याला अर्थातच चिठ्ठी नसते. बाह्या दोन बोटे लांब होत्या, तेही लिहावे का? लिही, चाचा म्हणाला.

शेवटी पत्र असे झाले. मराठीत सांगतो:

'प्रिय टांटे, स्वेटरबद्दल हजार आभार. पार्सल उघडले तेव्हा मला इतका आनंद झाला. नक्षी एकदम फेद आहे. तो विणायला तुला खूप वेळ लागला असेल, ते दिसते. थोडा मोठा आहे, पण त्यामुळे मला पुष्कळ वर्षे घालता येईल. इथे आज ३३ डिग्री आहे, म्हणून अजून घातलेला नाही. डिसेंबरात शाळेची सहल महाबळेश्वरला जाणार आहे, तेव्हा नेणार. फोटो पाठवीन. उत्तर द्यायला उशीर केला, माफ कर. माझी आठवण ठेवलीस, ते तुझे गोड वागणे. चाचांना सलाम. क्नूस.'

'गोड वागणे' हे तिथले रोजचे वाक्य आहे, 'दे वार सूट आ दै'. मराठीत जरा विचित्र वाटते, आम्हाला दुसरे सुचले नाही. बाकी अकरा-बारा वाक्ये, एकही पाच ओळींचे नाही.

एक गंमत राहिली. डॅनिशमध्ये आपल्या कीबोर्डवर नसलेली तीन अक्षरे आहेत आणि ती त्यांच्या वर्णमालेत अगदी शेवटी येतात. 'प्रिय' या पहिल्याच शब्दात त्यातले एक बसलेले. चिरंजीवांनी ते चिकटलेले अक्षर सोडून नुसते 'ए' लिहिले होते. ए आणि ई दोन्ही शेजारी शेजारी लिहिले की चालते, चाचाने सांगितले. पण मग आम्ही म्हटले, हातानेच लिही, हाताने सगळी अक्षरे निघतात. त्याने वहीच्या कोऱ्या पानावर लिहिले.

पत्र टपालाने पाठवावे असे अम्मीचे म्हणणे. पण डेन्मार्कच्या टपाल खात्याने, जे १६२४ पासून चालत आलेले, २०२५ च्या अखेरीस घरोघर पत्रे वाटणेच बंद केले. रस्त्यावरच्या लाल पेट्याही काढल्या. आता ते काम एक खाजगी कंपनी करते. आणखी उशीर नको म्हणून पानाचा फोटो काढून पाठवला, आणि मूळ पान चाचा पुढच्या वेळी येईल तेव्हा त्याच्या हाती द्यायचे ठरले.

उत्तर त्याच रात्री आले. वर 'सेल टाक' लिहिलेले, म्हणजे आभार तर तुझेच. खाली दोन ओळी. एक, माफीची गरज नव्हती, मला फक्त पार्सलची काळजी होती. दुसरी चिरंजीवांनी चाचाकडून अर्थ लावून घेतला आणि आम्हाला वाचून दाखवली: बाह्यांची लांबी मोजून पाठव, पुढचा सुती धाग्याचा विणते.

अम्मीने डांबराच्या गोळ्या काढल्या आणि स्वेटर गच्चीत वाऱ्याला टाकला. लोकर उन्हात नको, सावलीत, असे ती दोनदा सांगून गेली.